‘जमत नाही’ याचा लेखी दाखला

एखादी गोष्ट जमते हे पटवायचं असेल तर ती करून दाखवली की काम झालं. जमत नाही हे पटवणं त्याहून कितीतरी अवघड. मला जमली नाही म्हणजे कुणालाच जमणार नाही असं होत नाही. मी पुरेसं शोधलं नसेल, चुकीच्या ठिकाणी शोधलं असेल. म्हणून ‘अशक्य’ हा शब्द उच्चारणाऱ्याकडे आपण नेहमी जरा संशयाने पाहतो, आणि तो उच्चारणारा संगणक असला तरी तसंच पाहायला हवं.

कारखान्यांचं उत्पादन, रेल्वेचे डबे, विमानांचे कर्मचारी, वीजकेंद्रांचा भार अशा गोष्टींचं नियोजन आज ज्या गणिताने होतं, त्याला लिनिअर प्रोग्रामिंग म्हणतात. काही राशी ठरवायच्या असतात, त्यांच्यावर अटी असतात, आणि प्रत्येक अट साध्या बेरजेच्या रूपात मांडता येते: इतके गुणिले हे, अधिक तितके गुणिले ते, यांची बेरीज अमुक आकड्याच्या वर किंवा खाली असली पाहिजे. सगळ्या अटी पाळून खर्च कमीत कमी कसा ठेवायचा, हे सॉफ्टवेअर शोधून देतं. पण कधीकधी ते योजनाच देत नाही. पडद्यावर एकच शब्द येतो: `Infeasible`. म्हणजे या सगळ्या अटी एकत्र पाळणारं उत्तरच नाही. उत्तरं तर अगणित असू शकली असती. मग एकही नाही हे संगणकाला कळलं कसं, आणि आपण ते का मानायचं?

या प्रश्नाला गणितात फार नेमकं उत्तर आहे. संगणक ‘नाही’ म्हणतो तेव्हा त्याच्याजवळ मोजके आकडे असतात. त्यांना ड्युअल रे म्हणतात. ते आकडे हातात आले की शाळेतल्या गुणाकार-बेरजेने कुणीही पडताळून पाहू शकतं की उत्तर खरोखरच नाही. एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवलं की हे स्पष्ट होतं, म्हणून तेच करू.

एका पशुखाद्य कारखान्याला दुभत्या गाईंसाठी १०० किलो मिश्रण बनवायचं आहे. गोदामात तीन गोष्टी आहेत: मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा आणि सरकी पेंड. मक्यात ९ टक्के प्रथिनं आणि २ टक्के तंतू, कोंड्यात १५ टक्के प्रथिनं आणि १० टक्के तंतू, सरकी पेंडीत २३ टक्के प्रथिनं आणि २२ टक्के तंतू. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल केले आहेत, पण ते प्रत्यक्षापासून फार दूर नाहीत. मिश्रणात प्रथिनं किमान २० किलो हवीत, तंतू १२ किलोंच्या वर नकोत आणि खर्च ठरलेल्या बजेटमध्ये बसायला हवा. मका, कोंडा आणि सरकी पेंड किती किलो घ्यायची त्याला म, क आणि स म्हटलं, तर खर्चाची अट सोडून बाकीच्या तीन अटी अशा लिहिता येतात:

```
वजन    :  म + क + स = १००
प्रथिनं :  ०.०९ म + ०.१५ क + ०.२३ स ≥ २०
तंतू    :  ०.०२ म + ०.१० क + ०.२२ स ≤ १२
```

हे आकडे दिल्यावर सॉफ्टवेअर सांगतं की असं मिश्रण होत नाही. खरेदी विभागाला वाटतं, बजेट थोडं वाढवलं तर होईल. उत्पादन विभागाला वाटतं, प्रमाणं बदलून पाहिली पाहिजेत. आणि प्रमाणं बदलत बसलं तर अख्खा दिवस निघून जाईल, कारण तीन घटकांची मिश्रणं मोजून संपणारी नाहीत.

आता दाखला पाहू. संगणकाने दिलेले आकडे असे: प्रथिनांच्या अटीला ३, तंतूंच्या अटीला २, वजनाच्या अटीला ०.२५, आणि बजेटच्या अटीला शून्य. हे गुणक आहेत. प्रत्येक अटीला तिच्या गुणकाने गुणायचं आणि अटी एकत्र करायच्या, एवढंच काम.

प्रथिनांच्या अटीची तिप्पट केली की ती ‘०.२७ म अधिक ०.४५ क अधिक ०.६९ स, किमान ६०’ अशी होते. तंतूंच्या अटीची दुप्पट ‘०.०४ म अधिक ०.२० क अधिक ०.४४ स, जास्तीत जास्त २४’ अशी होते. पहिल्या राशीतून दुसरी वजा करा. किमान ६० असलेल्या राशीतून जास्तीत जास्त २४ असलेली राशी वजा केली, तर उरलेलं किमान ३६ असलंच पाहिजे:

```
०.२३ म + ०.२५ क + ०.२५ स ≥ ३६
```

आता डावीकडचे गुणांक पाहा. एकही ०.२५ च्या वर नाही. आणि तिन्ही घटकांचं एकूण वजन १०० किलो आहे. म्हणजे डावी बाजू काही केलं तरी १०० च्या पाव पटीच्या, म्हणजे २५ च्या वर जाऊ शकत नाही. अटी पाळायच्या तर ती किमान ३६ हवी. वजन पाळायचं तर ती फार तर २५. दोन्ही एकदम शक्य नाही.

पुरावा इथेच संपला. आपण एकही मिश्रण करून पाहिलं नाही, तरी सगळी अगणित मिश्रणं एका वजाबाकीत बाद झाली. संगणकाने हे आकडे कुठल्या पद्धतीने काढले, त्याच्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे का, याच्याशी आता काही देणंघेणं उरलेलं नाही. आकडे कुठूनही आलेले असोत, पडताळणी आपल्या हातात आहे. म्हणूनच मी याला दाखला म्हणतो.

३ आणि २ हेच आकडे का, हे चित्रात चटकन दिसतं. कागदावर आडव्या अक्षावर तंतूंचं आणि उभ्या अक्षावर प्रथिनांचं प्रमाण घ्या. मका (२, ९) वर येतो, कोंडा (१०, १५) वर, सरकी पेंड (२२, २३) वर. या तिघांचं कुठलंही मिश्रण या तीन बिंदूंच्या त्रिकोणातच पडतं. आपल्याला हवं असलेलं मिश्रण मात्र (१२, २०) या कोपऱ्याच्या डावीकडे आणि वर असायला हवं. कोंडा आणि सरकी पेंड यांना जोडणारी सरळ रेषा काढा आणि ती दोन्हीकडे वाढवा. अख्खा त्रिकोण त्या रेषेवर किंवा तिच्या खाली राहतो आणि हवा असलेला भाग पूर्णपणे वर राहतो. ती रेषा म्हणजे ‘तीन पट प्रथिनं उणे दोन पट तंतू बरोबर २५’. आपले गुणक म्हणजे त्या कुंपणाचा उतार. घटक तीनऐवजी तीन हजार असले आणि अटी दहा हजार असल्या तर चित्र काढता येत नाही, पण कुंपण असतंच आणि त्याचे आकडेही मिळतात.

ते असतंच, हे विधान मात्र फुकटचं नाही. गुणक मिळाले तर उत्तर नाही, हे आपण वजाबाकीने पाहिलं. ही सोपी बाजू. उत्तर नसेल तेव्हा असे गुणक प्रत्येक वेळी सापडतीलच, हे सिद्ध करायला खरी मेहनत लागते. ती केली ज्यूला फार्कश या हंगेरियन गणितज्ञाने. तो तेव्हाच्या कोलोझवार इथे, म्हणजे आजच्या रुमानियातल्या क्लुज शहरात, प्राध्यापक होता, आणि १९०२ साली त्याने आपला सिद्धांत जर्मनीतल्या क्रेलेच्या नियतकालिकात मांडला. त्याच्यासमोर ना कारखाना होता ना संगणक. टेबलावर टेकलेली वस्तू वर उचलता येते पण टेबलाच्या आत ढकलता येत नाही, अशा एकतर्फी बंधनांत समतोल कसा लिहायचा, हा त्याचा यांत्रिकीतला प्रश्न होता. त्याचा सिद्धांत सांगतो की अशा बेरजेच्या अटींचा कुठलाही संच घ्या: एक तर त्याला उत्तर असतं, नाही तर त्याच्या अशक्यतेचे गुणक असतात. दोन्ही एकदम कधीच नसतात आणि दोन्ही नाहीत असंही कधी होत नाही.

पुढे १९४७ च्या ऑक्टोबरात प्रिन्स्टनला जॉर्ज डँट्झिग आपली नवी पद्धत घेऊन जॉन फॉन नॉयमन यांना भेटला. प्रत्येक प्रश्नाला एक जोडीचा, ड्युअल प्रश्न असतो, ही कल्पना आणि फार्कशचं नाव आपण त्या भेटीत पहिल्यांदा ऐकलं, असं डँट्झिगने नंतर सांगितलं आहे.

ड्युअल प्रश्न काय असतो, तेही आपल्या मिश्रणावरच पाहू. समजा, अटींना गुणक लावून बेरीज केली आणि तयार झालेल्या ओळीत मक्याचा गुणांक मक्याच्या किलोच्या भावापेक्षा कमी आला, कोंड्याचा कोंड्याच्या भावापेक्षा कमी, सरकी पेंडीचा तिच्या भावापेक्षा कमी. मग त्या ओळीच्या उजव्या बाजूला जो आकडा येईल, त्याहून स्वस्त मिश्रण बनू शकत नाही. असे गुणक म्हणजे खर्चाची खालची मर्यादा सांगणारे आकडे, आणि ती मर्यादा शक्य तितकी वर नेणं हा ड्युअल प्रश्न.

आता आपल्या तीन अटी त्यांच्या गुणकांसह पूर्ण एकत्र करा, म्हणजे वजनाची पाव पटही वजा करा. उरतं ते असं: उणे ०.०२ म, किमान ११. कोंडा आणि सरकी पेंड दोन्ही नाहीसे झाले आणि मक्याचा गुणांक उणे झाला. भाव कितीही असले तरी ही ओळ आधीच्या ओळीत मिसळल्याने कुठलाच गुणांक वाढत नाही. खर्चाची मर्यादा मात्र ११ ने वाढते. ती शंभरदा मिसळली तर ११०० ने, लाखदा मिसळली तर ११ लाखांनी. एका बिंदूपासून निघून सरळ पुढे जात राहणारी ही दिशा आहे, तिला शेवटच नाही. ज्या मिश्रणाचा खर्च प्रत्येक आकड्याहून जास्त असायला हवा, ते मिश्रण अस्तित्वातच असू शकत नाही. त्यामुळेच गुणकांचं माप महत्त्वाचं नसतं, फक्त त्यांचं आपापसातलं प्रमाण महत्त्वाचं असतं: ३, २ आणि ०.२५ म्हणा किंवा १२, ८ आणि १ म्हणा, दाखला तोच.

सिम्प्लेक्स पद्धतीने काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला हा दाखला वेगळा शोधावाही लागत नाही. अटींच्या ओळी एकमेकींत मिसळत जाणं हेच त्याचं काम असतं, आणि चालता चालता अशी एक ओळ समोर येते की डावीकडे सगळं शून्य किंवा उणे, उजवीकडे अधिक. तिथे पुढे सरकायला वाटच उरत नाही. ती ओळ कुठल्या गुणकांनी बनली, एवढंच कागदावर उतरवायचं असतं.

मला या दाखल्याचं सगळ्यांत जास्त कौतुक वाटतं ते त्यातल्या शून्यांचं. बजेटचा गुणक शून्य आहे. म्हणजे अशक्यतेच्या या पुराव्यात पैशाचा उल्लेखच नाही; बजेट दुप्पट केलं तरी पुरावा जसाच्या तसा उभा राहतो. खरेदी विभागाचा वाद एका शून्याने मिटला. उलटं मात्र खरं धरू नये. शून्य गुणक म्हणजे बजेट निर्दोष असं प्रमाणपत्र नव्हे. प्रथिनं आणि तंतूंचा तिढा सुटल्यावर बजेट वेगळा तिढा निर्माण करू शकतं आणि त्याचा दाखला वेगळा असेल.

आता दुरुस्तीकडे वळू. ३६ आणि २५ मध्ये ११ चा फरक आहे, तो कुठून तरी भरून काढावा लागेल. तंतूंची मर्यादा १२ वरच ठेवायची तर तीन पट प्रथिनं २५ अधिक २४, म्हणजे ४९ च्या वर जाऊ शकत नाहीत, आणि प्रथिनांची अट सुमारे १६.३ किलोंपर्यंत खाली आणावी लागते. प्रथिनं २० किलोच हवीत तर तंतू १७.५ किलो चालवून घ्यावे लागतात. दोन्हींपैकी काय सोडायचं हे दाखला सांगत नाही. तो निर्णय गाईची गरज जाणणाऱ्याचा आहे.

तिसरा मार्ग नवा घटक आणण्याचा. कुठला आणायचा, याची चाचणीही दाखल्यातच आहे. नव्या घटकाच्या एका किलोतल्या प्रथिनांची तिप्पट उणे तंतूंची दुप्पट ०.२५ च्या वर गेली तरच तो हे कुंपण ओलांडू शकतो, नाही तर तो आणून काही उपयोग नाही. सोयाबीन पेंडीत सुमारे ४५ टक्के प्रथिनं आणि ६ टक्के तंतू धरा: १.३५ उणे ०.१२, म्हणजे १.२३. मिश्रणाची सरासरी ०.३६ च्या वर जायला हवी, त्यामुळे १०० किलोंत सोयाबीन पेंड किमान सव्वाअकरा किलो लागेल. सोयाबीन पेंड १२ किलो, सरकी पेंड २० किलो आणि कोंडा ६८ किलो घेऊन पाहा. प्रथिनं ५.४ अधिक ४.६ अधिक १०.२, म्हणजे २०.२ किलो. तंतू ०.७२ अधिक ४.४ अधिक ६.८, म्हणजे ११.९२ किलो. जमलं. विमान कर्मचाऱ्यांच्या वेळापत्रकासारख्या मोठ्या प्रश्नांत, जिथे पर्याय कोट्यवधी असतात आणि सगळे एकदम लिहून काढता येत नाहीत, तिथेही अशक्यतेच्या दाखल्यावर घासून नवे पर्याय निवडतात.

दाखल्याला दगा देणाऱ्या जागाही आहेत. संगणक दशांश अपूर्णांकांत हिशेब करतो आणि शेवटच्या काही घरांत चुका राहतात. समजा, सरकी पेंडीचा एकत्रित गुणांक शून्याऐवजी ०.०००००१ आला. तो अधिक आहे, म्हणजे काटेकोरपणे पुरावा मोडला. पण सरकी पेंड १०० किलोंच्या वर असूच शकत नाही, त्यामुळे या चुकीचा परिणाम फार तर ०.०००१, आणि आपल्याजवळ फरक आहे ११ चा. पुरावा सुखरूप. मात्र ज्या राशीला वरची मर्यादाच नाही, तिच्या गुणांकातली एवढीशी चूकही पुरावा गिळून टाकते. म्हणून जाणकार मॉडेल लिहिताना प्रत्येक राशीला खरीखुरी वरची मर्यादा देतात. आणि अंतिम फरकच ११ ऐवजी ०.०००००१ च्या आसपास असेल तर त्या ‘अशक्य’ वर विश्वास ठेवू नये. बहुतेक सॉफ्टवेअर अटींत साधारण तेवढी ढिलाई चालवूनच घेतात. अशा वेळी गुणक नेमक्या अपूर्णांकांत लिहून पुन्हा हिशेब करायचा.

ही काळजी एका प्रसिद्ध सिद्धतेत घेतली गेली. एकसारखे गोळे कमीत कमी जागेत कसे रचावेत, याबद्दलचं केप्लरचं अनुमान सिद्ध केल्याचं थॉमस हेल्स यांनी १९९८ साली जाहीर केलं. त्यात हजारो लिनिअर प्रोग्रॅम्स होते आणि परीक्षक संगणकाचा सगळा हिशेब तपासू शकत नव्हते. मग फ्लायस्पेक नावाचा प्रकल्प हाती घेतला गेला आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये पुरा झाला. लिनिअर प्रोग्रॅम सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरवर त्यात विश्वास ठेवलाच नाही. त्याच्याकडून फक्त गुणक घेतले, ते मोजक्या दशांश घरांपर्यंत छाटले, आणि त्यांची बेरीज-वजाबाकी तर्काच्या नियमांनी काटेकोर पडताळणाऱ्या प्रोग्रॅमकडून करून घेतली.

एक सीमा मात्र ओलांडता येत नाही. राशी पूर्णांकातच हव्यात, अर्धा ट्रक किंवा पाव कर्मचारी चालत नाही, अशी अट आली की फार्कशचा सिद्धांत थांबतो. ०.४ आणि ०.६ यांच्या मधली राशी हवी असेल तर अपूर्णांकांत उत्तर आहे, म्हणून गुणक नाहीत; पूर्णांकांत मात्र उत्तर नाही. तिथे प्रश्नाच्या फांद्या कराव्या लागतात: राशी शून्य किंवा कमी, नाही तर एक किंवा जास्त, आणि प्रत्येक फांदीला वेगळा दाखला. दोन फांद्या असतील तर ठीक. मोठ्या वेळापत्रकांत त्या लाखांनी होतात आणि पुरावा कुणा माणसाला वाचता येईल असा राहत नाही.

ज्यांना रोज अशा सॉफ्टवेअरशी काम पडतं त्यांच्यासाठी शेवटचं. हा दाखला बहुधा मागितल्याशिवाय मिळत नाही. गुरोबीमध्ये प्रश्न सोडवायच्या आधी `InfUnbdInfo` ची किंमत १ करावी लागते, मग गुणक `FarkasDual` मध्ये वाचता येतात. तिथल्या चिन्हांचा नियम आपल्या वरच्या हिशेबाच्या उलट आहे, तेव्हा प्रथिनांपुढे उणे दिसलं तर घाबरू नका. इतर सॉफ्टवेअरमध्ये मुख्य पद्धत सुरू व्हायच्या आधीच, अटींची साफसफाई करतानाच अशक्यता लक्षात आली तर गुणक मिळत नाहीत. तेव्हा प्रीसॉल्व्ह बंद करून पुन्हा चालवा. गुणक हाती आले की एका एक्सेल शीटमध्ये अटींना गुणून बेरीज करा, आणि डावी बाजू कुठपर्यंत जाऊ शकते व उजवी काय मागते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. तेवढं केल्याशिवाय ‘हे होणार नाही’ असं कुणालाही लिहून देऊ नका.